शहाऐंशी गुणांना एफ

«बेल कर्व्ह लावला की ग्रेड आपोआप न्याय्य होतात. गुण निसर्गतःच घंटेच्या आकारात पसरतात, पेपर अवघड निघाला तरी कुणाचं नुकसान होत नाही, आणि चुरशीमुळे मुलं जास्त अभ्यास करतात.»

बेल कर्व्ह म्हणजे वर्गाच्या सरासरीपासून कोण किती वर-खाली आहे त्यावरून ग्रेड देणे, आणि वरचा दावा तिच्या बाजूने केला जातो. पण घंटेचा आकार येतो तो एकमेकांवर अवलंबून नसलेल्या अनेक लहानमोठ्या कारणांची बेरीज होते तेव्हा. शिकवणे हा मात्र हेतुपूर्वक केलेला हस्तक्षेप आहे आणि तो साधला तर गुण वरच्या टोकाला गोळा व्हायला हवेत. शिवाय पेपर काढणाराच मध्यम काठिण्याचे प्रश्न निवडून गुण पसरवू शकतो. त्या पसरण्याचे श्रेय निसर्गाला देणे जरा गमतीचेच आहे.

दहा जणांचा एक काल्पनिक वर्ग घेऊ. शंभरपैकी गुण असे: ९२, ९१, ९०, ९०, ८९, ८९, ८८, ८८, ८७, ८६. सरासरी ८९ आणि प्रमाण विचलन, म्हणजे गुण सरासरीपासून साधारण किती दूर पसरले आहेत ते, सुमारे १.७३. सरासरीच्या दीड विचलन वर ए, अर्धे विचलन वर बी, अर्धे विचलन खालपर्यंत सी, दीड विचलन खालपर्यंत डी आणि त्याखाली एफ, असा एक रूढ नियम लावला, तर ९२ ला ए मिळतो आणि ८६ गुण मिळवणारा नापास होतो. सहा गुणांच्या अंतरात पाचही ग्रेड बसल्या. एका उत्तराला परीक्षकाने दोन गुण कमी-जास्त दिले, तर एवढ्यानेच ग्रेड बदलेल.

आता ८६ वाल्याने विषय सोडला असे समजा. उरलेल्या नऊ जणांची सरासरी ८९.३३ आणि विचलन सुमारे १.४९ होते, बीची मर्यादा ८९.८७ वरून ९०.०८ वर सरकते आणि ९० गुणांचे दोघेही बीवरून सीवर घसरतात. ८७ वाला डीवरून थेट एफमध्ये जातो. या तिघांच्या उत्तरपत्रिकेतले एक अक्षरही बदललेले नाही.

अवघड पेपरची अडचण खरी आहे, हे मान्य करायला हवे. पण तिच्यावर उपाय म्हणून सर्वांना सारखे गुण वाढवून देता येतात किंवा फसलेला प्रश्न रद्द करता येतो, आणि त्यासाठी कुणाला तरी खालच्या ग्रेडमध्ये ढकलावेच लागत नाही. उलट बेल कर्व्हमध्ये सोप्या पेपरचाही फटका बसतो, तो वरच्या उदाहरणात दिसलाच.

चुरशीबद्दल थोडक्यात: मी मित्राला एखादे प्रमेय समजावून सांगितले आणि त्याचे गुण वाढले, तर सरासरी वर जाऊन माझीच ग्रेड घसरू शकते. अशा हिशेबात अभ्यास वाढेल की नाही ते सांगता येणार नाही, पण वह्या लपवण्याला कारण नक्की मिळते.