वेफर्सची शिरपूर-वारी, व्हाया अमळनेर

'मारुती मंदिरामागे, शिरपूर, जि. धुळे' हा पत्ता वाचून आपल्याला शिरपूर दिसतं. कुरिअरच्या छाटणीला मात्र दिसतो तो खालचा पिनकोड. गिऱ्हाइकाने ४२५४०५ ऐवजी ४२५४०१ लिहिला की जळगावहून निघालेले केळीचे वेफर्स मुकाट अमळनेरला उतरतात. तिथला पोऱ्या मारुती मंदिरं पालथी घालतो (खान्देशात ती कमी आहेत थोडीच!), फोन लावतो, तर नंबर नऊ आकडी. "आठे असा कोनी नही शे, भो!" आणि ॲपवर शेरा पडतो: पत्ता अपूर्ण.

इथून पुढे विक्रेत्याच्या हातात थोडाच वेळ असतो. पार्सल एकदम परत फिरत नाही. आधी 'डिलिव्हरी झाली नाही' असा निरोप पॅनेलवर येतो, आणि बहुतेक कंपन्या तीनेक फेऱ्या मारून मग आरटीओ, म्हणजे 'रिटर्न टू ओरिजिन', लावून पार्सल परत धाडतात. (आरटीओ म्हणजे लायसन्सवाले नव्हेत, पण धास्ती तेवढीच.) निरोप आला त्याच दिवशी दुरुस्त पिन कळवला तर पार्सल वाचू शकतं. नाहीतर ते मानपानावरून रुसलेल्या व्याह्यासारखं न जेवता परत येतं, आणि वर जाण्यायेण्याचं भाडंही आपणच भरायचं. समजा जाताना ७० रुपये, येताना ६०, खोका-टेप १५, झाले १४५. एका ऑर्डरीत नफा ८० धरला, तर जवळजवळ दोन ऑर्डरींची कमाई एका आकड्याने खाल्ली. वेफर्सचा चुरा होतो तो वेगळाच.

यावर काही हुशार मंडळी नियम बसवतात: जिल्हा धुळे असेल तर पिन ४२४नेच सुरू झाला पाहिजे. झालं कल्याण! शिरपूर, शिंदखेडा, दोंडाईचा धुळे जिल्ह्यात असून ४२५चे, तर चाळीसगाव, पाचोरा जळगाव जिल्ह्यात असून ४२४चे. पिनचे पहिले तीन आकडे टपालाच्या छाटणीचे, कलेक्टर कचेरीचे नव्हेत. या नियमाने आपला ४२५४०१ अडतो खरा, पण दुरुस्त केलेला ४२५४०५ही अडतो, आणि त्याच्यासोबत असे कितीतरी बरोबर पत्ते.

म्हणून मला पटते ती उलटी रीत. आधी पिन भरून घ्यायचा, मग टपाल खात्याच्या यादीतून त्या पिनखालची गावं समोर ठेवायची आणि गिऱ्हाइकाला त्यातलं आपलं निवडू द्यायचं. ४२५४०१ टाकल्यावर शिरपूर दिसलंच नाही की माणूस स्वतःच चष्मा पुसतो. मोबाईल दहा आकडी आणि ६ ते ९ ने सुरू होणारा असावा, एवढं तपासलं की नऊ आकडी नंबर जागीच अडतो. नंबर खरा आहे की नाही, हे मात्र ओटीपीशिवाय कळत नाही. खुणेच्या रकान्यात 'मंदिरामागे' एवढंच आलं, तर कोणतं मंदिर आणि घर कोणाच्या नावाने ओळखतात, हे पार्सल बांधायच्या आधी फोनवर विचारावं.

एवढं करूनही कॅश ऑन डिलिव्हरीवाला दारात उभा राहून "मी नव्हतं मागवलं, पोराने दाबलं असेल" म्हणतोच. पिन बरोबर, गाव बरोबर, मारुतीही बरोबर. तिथे पत्त्याची तपासणी काय करणार?