ब्लूटूथ आहे, पण आवाजाचं नाही

सकाळच्या ठाणे लोकलमध्ये एक हात कडीला आणि दुसरा बॅगेला दिलेला असतो. पुस्तक धरायला तिसरा हात नसल्यामुळे मी रहस्यकथा कानांनी वाचायची ठरवली. ई-रीडर घरात होता, त्याच्या सेटिंगमध्ये ब्लूटूथही होतं आणि बिनवायरचे हेडफोन भाच्यानं दिवाळीत दिलेले. आता अडायला काय हवं?

हेडफोनचं बटण दाबून धरलं. लाल-निळा दिवा लुकलुकू लागला. ई-रीडरवर शोधाचं वर्तुळ फिरत राहिलं आणि यादी मात्र कोरीच. हेडफोन बंद करून पुन्हा चालू केले, तर कानात एक बाई म्हणाल्या, "आता यात दोन चमचे बेसन घालूया." स्वयंपाकघरातून हिचा आवाज आला, "अहो, माझ्या व्हिडिओचा आवाज कुठं गेला?"

हेडफोन चालू होताच आधीच्या ओळखीच्या फोनला जाऊन चिकटतात. हिच्या फोनचं ब्लूटूथ बंद करवलं, पुन्हा दिवा लुकलुकवला. तरी यादी कोरीच.

संध्याकाळी भाचा आला. त्यानं हेडफोन स्वतःच्या फोनला जोडले, लगेच जुळले. मग बॅगेतला ब्लूटूथ कीबोर्ड ई-रीडरजवळ धरला, तर त्याचं नाव तात्काळ पडद्यावर!

"मामा, याचं ब्लूटूथ कीबोर्ड आणि पान उलटायच्या रिमोटपुरतंच आहे. आवाज पाठवायला ए-टू-डी-पी नावाची वेगळी सोय लागते, ती यात नाही."

म्हणजे आमच्या घोडबंदरच्या सोसायटीचा वॉचमन! यादीत नाव नसेल तर पाहुणा समोर उभा असूनही त्याला दिसत नाही.

कस्टमर केअरनं रीस्टार्ट करायला सांगितलं. कस्टमर केअर कशालाही रीस्टार्टच सांगतं. गोखले रोडवरच्या दुकानदारानं चार्जिंगच्या भोकात घालायचा छोटा डोंगल दिला आणि लावूनही पाहिला. ई-रीडर गप्प. "साहेब, याला स्पीकर नाही, आवाज बाहेर पाठवायची सोयच नसेल. डोंगल काय करणार?" असं म्हणून त्यानं डोंगल परत डब्यात ठेवला, हे त्याचं मोठेपण.

खरी गोम भाच्यानं खोक्यावर दाखवली. चालणाऱ्या फाइलींच्या यादीत ईपब होतं, पीडीएफ होतं, एमपी-थ्री नव्हतं. म्हणजे हेडफोन जुळले असते तरी त्यांना ऐकवायला काही नव्हतं. खरेदीआधी ही यादी वाचावी, ब्लूटूथ या शब्दावर जाऊ नये. एखाद्या यंत्रात हेडफोनची गोल खाच असेल, तर त्यात ब्लूटूथ ट्रान्समीटर खोचता येतो. माझ्या यंत्राला ती खाचही नव्हती.

शेवटी कथेची एमपी-थ्री फाइल फोनमध्ये टाकली. "हे आधीच करता येत नव्हतं का?" हिनं विचारलं. येत होतं. पण फोनला फोन येतात, म्हणूनच मला तो नको होता.

सोमवारी घाटकोपरच्या आसपास इन्स्पेक्टर खुन्याचं नाव घेणार, तेवढ्यात कानात सोसायटीचे सेक्रेटरी: "आज पाणी येणार नाही, भरून ठेवा."