‘सर्वांनी कार्यवाही करावी’ म्हणजे नेमकं कुणी?

आज सकाळी एका संचालक मित्राने त्यांच्या शेतकरी उत्पादक कंपनीची मेल मला पुढे पाठवली. काल, 12 मेला, त्यांची खरिपाच्या सोयाबीन बियाण्याची बैठक झाली. मेलचा विषय ‘मीटिंग’. आत एकच वाक्य: ‘कालच्या बैठकीत ठरल्याप्रमाणे सर्वांनी तातडीने कार्यवाही करावी, ही विनंती.’ खाली डायरीच्या पानाचा फोटो, तोही आडवा. मित्राने विचारलं, ‘यात माझ्याकडं कोणतं काम आलं, तेवढं सांग.’

डोकंच फिरलं. मिरगाला महिनाही उरला नाही, गोदामात 200 क्विंटल माल पडून आहे, त्याच्या भरवशावर सभासद दुकानाकडे फिरकलेले नाहीत, आणि काम कुणाचं ते संचालकालाच माहीत नाही! ‘सर्वांनी’ लिहिलं की ते काम कुणाचंच नसतं. हे तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहे, पतसंस्थेपासून गणेश मंडळापर्यंत सगळीकडे आपण तेच भोगतो.

डायरीत पाच ओळी होत्या, जशाच्या तशा देतो:

उगवण तपासणी – लवकर. परभणी?
ग्रेडिंग – बेल्ट – गोदाम
पिशव्या 30 किलो – 600
भाव – मिरगाआधी, सगळे मिळून
गोदाम भाडं – चर्चा झाली

टिपणं अशीच असतात, त्यात काही वावगं नाही. बोलणं चालू असताना कुणी पूर्ण वाक्य लिहूच शकत नाही. चूक आहे ती हीच टिपणं मेल म्हणून पुढे ढकलण्यात. प्रत्येक ओळीला चार प्रश्न विचारायचे असतात. हे ठरलं की नुसतं बोललं गेलं? करणारा एक माणूस कोण? कोणत्या तारखेपर्यंत? आणि काम झालं हे कशावरून कळणार? चारपैकी एकाचं उत्तर टिपणात नसेल तर ते मनाने भरायचं नाही. फोन करून विचारायचं, नाहीतर ‘ठरलं नाही’ असं स्वच्छ लिहायचं. मनाने भरलेली तारीख सगळ्यात घातक, कारण ज्याच्या नावापुढे ती पडते त्याने ती कबूलच केलेली नसते.

पहिली ओळ घ्या. ‘लवकर’ म्हणजे कधी? इथे तारीख शेवटाकडून मागे मोजत यावी लागते. मृग नक्षत्र 7-8 जूनला निघतं. पेरणी पुरेसा पाऊस झाल्यावरच होणार, पण सभासदाला बियाणं घरात हवं मिरगाच्या आधी, म्हणजे 6 जूनपर्यंत. त्याआधी ग्रेडिंग आणि पिशव्या भरणं, त्याला दहा दिवस धरा. म्हणजे 25 मेला उगवणीचा आकडा हातात पाहिजे. सोयाबीनची उगवण पाचव्या दिवशी आणि शेवटची आठव्या दिवशी मोजतात. 16 मेला दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळले तर 24 ला मोजणी होते. म्हणजे नमुना 15 मेला काढायला हवा. परवा! आणि मेलमध्ये शब्द आहे ‘तातडीने’.

उगवण 70 टक्क्यांच्या खाली आली तर दुसरी तजवीज करायला वेळ राहावा, एवढ्यासाठी ही सगळी उलटी मोजणी. हे ‘लवकर’मध्ये कसं मावणार?

‘परभणी?’ यातलं प्रश्नचिन्ह मात्र फार मोलाचं आहे. मेल लिहिताना तेच पहिल्यांदा गळतं आणि ‘नमुने परभणीच्या प्रयोगशाळेत पाठवायचे ठरले’ असं छापून येतं. मित्राने गोदामपालांना फोन लावला, तेव्हा कळलं की एक संचालक तसं म्हणाले होते, पण कुणी हो-नाही केलं नव्हतं. ठरलं होतं ते गोदामातच तपासणी करायचं. म्हणून प्रयोगशाळेचा मुद्दा न ठरलेल्यांत गेला.

‘भाव – सगळे मिळून’ ही ओळ वाचून मला जास्त राग आला. भाव संचालक मंडळच ठरवणार, ते मान्य. पण त्यांच्यासमोर हिशोब कोण ठेवणार? खरेदी, ग्रेडिंग, पिशवी, हमाली, घट असा किलोमागचा खर्च कुणीतरी एकाने मांडल्याशिवाय सगळे मिळून काय करणार, चहा पिणार? निर्णय मंडळाचा असला तरी तो मंडळापुढे आणायची तयारी नेहमी एकाची असते. मेलमध्ये त्या एकाचं नाव पाहिजे. त्यांच्याकडे लेखापाल तयार होते, फक्त कुणी त्यांना विचारलं नव्हतं.

पिशव्यांचं गणित बरोबर निघालं. 200 क्विंटलात दहावा भाग ग्रेडिंगमध्ये निघून जाईल असं त्यांनी धरलं होतं, उरलेल्या 180 क्विंटलच्या 30 किलोच्या 600 पिशव्या, एकरी एक. मात्र उगवण कमी आली तर ही ऑर्डर वाया. म्हणून ते काम अटीसकट लिहायचं, नाहीतर कुणीतरी उत्साहाने आजच पैसे भरून मोकळं होईल. बेल्टचं सोपं होतं: तो बदलायचा, गोदामपालांनीच, 22 पर्यंत.

‘गोदाम भाडं – चर्चा झाली’ म्हणजे निर्णय झाला नाही. हे लिहायला लोक कचरतात, अध्यक्षांना वाईट वाटेल म्हणून. तरीही लिहा. ते मेलमधून गाळलं की पुढच्या महिन्यात दोघं छातीठोकपणे सांगतात, ‘त्या दिवशी ठरलंच होतं’, आणि दोघांचा आकडा वेगळा असतो.

फोनवर मित्राने एकेकाला विचारलं, तारखा कबूल करून घेतल्या, आणि मेल अशी उभी राहिली. इथे मी पदं टाकलीत, खऱ्या मेलमध्ये नावंच हवीत. ‘गोदाम विभाग’ असं लिहिलं की पुन्हा सगळं ‘सर्वांनी’वर येतं.

विषय: 12 मे बियाणे बैठक – 2 निर्णय, 5 कामं, पहिली मुदत शुक्रवार 15 मे

ठरलं:
1. उगवण तपासणी गोदामातच करायची. 70 टक्के किंवा जास्त आलेल्या लॉटचंच ग्रेडिंग होईल.
2. पिशवी 30 किलोची, जास्तीत जास्त 600.

कामं:
शुक्र. 15 मे – गोदामपाल – प्रत्येक लॉटचा नमुना काढून, लॉट नंबर लिहून वेगळा ठेवणं.
शुक्र. 22 मे – गोदामपाल – ग्रेडिंग मशीनचा बेल्ट बदलून मशीन चालवून दाखवणं.
सोम. 25 मे – गोदामपाल – लॉटवार उगवण टक्के सर्व संचालकांना कळवणं.
मंगळ. 26 मे – लेखापाल – किलोमागे खर्चाचा तक्ता संचालकांना पाठवणं.
मंगळ. 26 मे – व्यवस्थापक – उगवण पास झाली तरच, पास मालापुरती पिशव्यांची ऑर्डर देणं.

ठरलं नाही:
प्रयोगशाळेत नमुना पाठवायचा का – उपाध्यक्ष 14 मेला कळवतील.
विक्रीचा भाव – 27 मेच्या बैठकीत, तक्ता पाहून.
गोदाम भाडं – 27 मेच्या बैठकीत.

यात काही चुकलं किंवा राहिलं असेल तर उद्या, गुरुवारी, संध्याकाळी 6 पर्यंत कळवावं. 27 तारखेला सुरुवात हीच यादी वाचून होईल.

बघा, कामं तारखेच्या क्रमाने आहेत, बैठकीत ज्या क्रमाने बोललं गेलं त्या क्रमाने नाहीत. तारखेबरोबर वार आहे, कारण ‘पुढच्या सोमवारी’ म्हटलं की निम्मे लोक येणारा सोमवार धरतात आणि निम्मे त्याच्या पुढचा. प्रत्येक काम अशा क्रियापदावर संपतं की झालं की नाही ते दुसऱ्याला पाहता येईल. ‘बेल्टचं बघणं’ हे कधीच संपत नाही, ‘मशीन चालवून दाखवणं’ संपतं. आणि तक्त्याचे रकाने मुद्दाम टाळलेत. निम्मे संचालक मोबाईलवर वाचतात, तिथे रुंद तक्ता एकतर आकसतो नाहीतर कडेला कापला जातो. साध्या ओळी असल्या की हाच मजकूर उचलून व्हॉट्सॲपच्या ग्रुपवरही टाकता येतो.

इथवर टाइप करताना राग थोडा निवळला. ती आडवी मेल पाठवणारी मुलगी नोकरीला नवीन आहे, असं मित्राने सांगितलं. समोर वडीलधारी मंडळी, एकमेकांना मध्येच तोडत बोलणारी. ‘आबा, हे काम तुमच्याकडं लिहू का? तारीख कोणती टाकू?’ असं विचारायची तिची टाप नाही, आणि तसं विचार असं तिला कुणी सांगितलंही नाही. मग ‘सर्वांनी’ लिहिण्यावाचून ती करणार काय? हे विचारायचं काम अध्यक्षांचं. उठायच्या आधी शेवटची दहा मिनिटं राखून त्यांनीच तिला टिपणं मोठ्याने वाचायला लावावीत, आणि प्रत्येक ओळीवर ‘कोण, कधी’ हे स्वतः विचारावं. तिने समासात तीनच खुणा कराव्यात: ठरलं त्याला बरोबरची खूण, कामाला गोल, लोंबकळत राहिलं त्याला प्रश्नचिन्ह. मेलचे तीन भाग तिथल्या तिथे पडतात.

वडीलधाऱ्यांच्या नावापुढे मुदत लिहायचा संकोच असेल तर ‘आबांनी 26 तारखेपर्यंत देण्याचं मान्य केलं आहे’ असं लिहावं. मान राहतो, तारीखही राहते.

कुणी म्हणेल, कंपनीचं इतिवृत्त असतंच की. असतं, आणि कायद्याने ते लिहावंच लागतं. पण नोंदवहीत ते चढवायला 30 दिवसांची मुदत आहे, तोवर इथे मिरग निघालेला असेल. ही मेल इतिवृत्ताची जागा घेत नाही, पण ती त्याच संध्याकाळी, फार तर दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत गेली पाहिजे. त्यापुढे ‘बेल्ट – गोदाम’ म्हणजे काय, हे लिहिणारीलाही आठवत नाही. चार माणसांची बैठक असेल तर एवढा घाट नको, हेही खरं.

अजून एक. बैठकीला जो नव्हता त्याच्या नावावर काम पडलं असेल तर मेलवर अजिबात विसंबू नका. त्याने उत्तर दिलं नाही याचा अर्थ त्याला मान्य आहे असा होत नाही, बहुतेक वेळा त्याने मेल उघडलेलीच नसते. आधी फोन करा, त्याने हो म्हटलं की मग नाव लिहा. तोवर ते काम ‘ठरलं नाही’मध्ये राहू द्या, आणि त्याला फोन कोण करणार त्याचंही नाव लिहा.