मी स्टेशनवर आहे

आमचा भोसरीला छोटासा कारखाना आहे. पितळी बुश बनवतो. गेल्या थंडीत इंग्लंडहून एक गिऱ्हाईक आमचं काम बघायला येणार होतं. मुंबईहून सकाळच्या गाडीने पुण्याला उतरणार आणि मी घ्यायला जाणार, एवढंच कळवायचं होतं. मनातलं मराठी वाक्य अगदी इस्त्री केलेलं होतं: ‘रविवारी सकाळी मी स्टेशनवर असेन.’ त्याचं इंग्रजी केलं, ‘आय विल बी ऑन द स्टेशन इन संडे मॉर्निंग.’

पाठवण्याआधी लेकीला दाखवलं. तिने वाचलं आणि विचारलं, “बाबा, पत्र्यावर चढून बसणार आहात का?”

“म्हणजे?”

“ऑन द स्टेशन म्हटलं की स्टेशनच्या डोक्यावर. अ‍ॅट द स्टेशन म्हणा.”

आता मराठी माणूस स्टेशनवर असतो, कामावर असतो, नाक्यावर असतो आणि लग्नाच्या वयाचा झाला की वधूपित्यांच्या यादीवरही असतो. पण म्हणून तो कशाच्या डोक्यावर चढलेला नसतो. आमचा ‘वर’ भलता सोशिक आहे. इंग्रजांचा ‘ऑन’ मात्र पृष्ठभाग मागतो: टेबल, भिंत, प्लॅटफॉर्म. हो, प्लॅटफॉर्मवर मात्र ऑनच. म्हणजे मी त्याच स्टेशनात, त्याच फरशीवर उभा असताना स्टेशनच्या हिशेबाने ‘अ‍ॅट’ आणि प्लॅटफॉर्मच्या हिशेबाने ‘ऑन’ असतो. नकाशावर टाचणी टोचावी तशी नुसती भेटीची जागा सांगायची असेल तर अ‍ॅट. पाऊस आला म्हणून छपराखाली आत गेलो, हे आतलेपण सांगायचं असेल तर इन.

“बरं, संडेचं काय?”

“वाराला ऑन. ऑन संडे मॉर्निंग.”

“अगं, सकाळला इन असतं! इन द मॉर्निंग. शाळेत घोकलंय.”

“नुसत्या सकाळला इन. पण सकाळच्या आधी वार लागला की वाराची सत्ता.”

इथे मला आमच्या भाषेचा अभिमान वाटला. सोमवारी, सकाळी, रात्री, घरी. एक ‘ई’ लावली की काम झालं. तेच इंग्रजीत न्या: ऑन मंडे, इन द मॉर्निंग, अ‍ॅट नाइट, अ‍ॅट होम. एका दीर्घ ईसाठी तीन शब्द, आणि कुठे कोणता ते तुम्ही ओळखायचं. उद्या सकाळी म्हणायचं तर एकही नाही, नुसतं टुमॉरो मॉर्निंग. मी शिष्टाचार म्हणून तिथेही एक ‘ऑन’ ठेवला होता. तो तिने खोडला.

पुण्यात रात्री गारठा असतो, स्वेटर आणा, असंही मी लिहिलं होतं. ‘इन द नाइट.’ तेही गेलं. रोज रात्री जे होतं ते अ‍ॅट नाइट. त्या एका रात्रीत मध्येच कधीतरी मांजराने दूध सांडलं, तर ते इन द नाइट. इतका बारीक हिशेब आमच्या कॅशबुकातही नसतो.

रविवारी सकाळी मी स्टेशनवर, माफ करा, अ‍ॅट द स्टेशन पोचलो. त्याचा मेसेज आला: ‘आय अ‍ॅम ऑन द ट्रेन.’ मी लगेच लेकीला फोन लावला. “बघ, हा गाडीच्या टपावर बसून येतोय!”

ती हसली. म्हणे, ज्या वाहनात उभं राहून दोन पावलं चालता येतं, त्यात बसलं की ऑन: बस, ट्रेन, विमान, बोट. जिथे वाकून शिरायचं आणि बसून राहायचं, तिथे इन: मोटार, टॅक्सी, रिक्षा. स्कूटरवर मात्र ऑनच, कारण तिच्यावर खरोखरच बसतात. मी विचारलं, संध्याकाळी सहाच्या विरार लोकलमध्ये पावलं सोडा, हातही हलवता येत नाही. तिथे काय म्हणायचं? यावर तिच्याकडे उत्तर नव्हतं.

पाहुणा भेटला, काम आवडलं, परत गेला. मग त्याने नव्या बुशची ड्रॉइंग्ज मागितली. ‘गुरुवारपर्यंत पाठवतो’ एवढंच कळवायचं होतं, त्यासाठी लेकीला कशाला विचारायचं? आता मी इन, ऑन, अ‍ॅट तिन्ही कोळून प्यायलो होतो. तिघांनाही लांब ठेवून ऐटीत लिहिलं, ‘आय विल सेंड द ड्रॉइंग्ज टिल थर्सडे.’

आमचा ‘पर्यंत’ दोन्ही कामं करतो: गुरुवारपर्यंत थांबतो आणि गुरुवारपर्यंत पाठवतो. इंग्रजीत थांबायचं ते टिल. मुदतीच्या आत एकदाच करायचं ते बाय. टिल म्हटलं की काम त्या दिवसापर्यंत चालूच राहतं.

त्याचं उत्तर अत्यंत सभ्य होतं. ड्रॉइंग्ज रोज पाठवायची तसदी घेऊ नका, एक संच पुरेल.