मुदतवाढीचं पत्र कोरडं का लिहिलं: एका पालकांच्या प्रतिक्रियेला उत्तर

प्रतिक्रिया: «तुमचा मुदतवाढीच्या पत्राचा नमुना वाचला. फार कोरडा वाटला. घरची परिस्थिती, वडिलांची शेती, मुलीची धडपड, यातला एक शब्दही नाही. असं सहा-सात ओळींचं पत्र तिकडे कोण मनावर घेणार? शिवाय शिष्यवृत्तीवर सगळं अवलंबून आहे असं आपणच लिहून दिलं तर ते जागा दुसऱ्याला देतील. त्यापेक्षा सरळ डिपॉझिट भरावं आणि शिष्यवृत्ती नाही मिळाली तर परत मागावं. अमेरिकेत १५ एप्रिलपर्यंत थांबायचा नियमच आहे, तसा ब्रिटनमध्येही असेलच. आणि निकाल लटकला तर काय, हे तुम्ही सांगितलंच नाही. – एक पालक, इंदिरानगर, नाशिक»

नमस्कार. शिष्यवृत्तीचा निकाल येईपर्यंत ब्रिटनमधल्या विद्यापीठाकडे ऑफर स्वीकारायला आणि डिपॉझिट भरायला मुदत मागायची, त्या पत्राचा तो नमुना होता. तुमचा शेवटचा प्रश्न अगदी बरोबर आहे आणि त्याचं उत्तर माझ्या नमुन्यात खरंच नव्हतं. त्याच्याकडे येतेच, पण आधी पैशाचं बोलू. तिथे चूक झाली तर ती भरून निघत नाही.

डिपॉझिट भरण्याआधी त्या विद्यापीठाचे परताव्याचे नियम शब्दन्‌शब्द वाचा. ब्रिटनमधली विद्यापीठं डिपॉझिट परत करतात ती मोजक्या कारणांसाठी: व्हिसा नाकारला गेला किंवा ऑफरमधली अट पूर्ण झाली नाही, अशी. शिष्यवृत्ती मिळाली नाही, पैशाची सोय झाली नाही, ही कारणं त्यात सहसा नसतात. ज्या मुलीसाठी मी ते पत्र लिहून घेतलं, ती निफाडकडची. तिचं डिपॉझिट २,००० पौंड होतं, म्हणजे गेल्या वर्षीच्या दराने सव्वादोन लाखांच्या पुढे. द्राक्षाचे पैसे आले होते, पण त्यातून औषधवाल्याची उधारी आणि सोसायटीचा हप्ता जायचा होता. ते सव्वादोन लाख ‘बघू, परत मागू’ म्हणून भरण्यासारखे नव्हते.

१५ एप्रिलचा नियम अमेरिकेतल्या ‘कौन्सिल ऑफ ग्रॅज्युएट स्कूल्स’च्या ठरावातला आहे. त्यावर सही केलेल्या विद्यापीठांनी स्वतः आर्थिक मदत देऊ केली असेल, तर त्या मदतीला १५ एप्रिलच्या आत उत्तर द्या असा आग्रह त्यांना धरता येत नाही. नुसत्या प्रवेशाच्या ऑफरला तो आपोआप लागत नाही, आणि बाहेरच्या संस्थेचा निकाल मे-जूनमध्ये असेल तर त्याचा काहीच उपयोग नाही. ब्रिटनमध्ये वर्षभराच्या एम.एस्सी.साठी असा सामाईक ठरावच नाही. प्रत्येक विद्यापीठ आपली तारीख ठरवतं, म्हणून तर लिहून मागावं लागतं.

आता कोरडेपणाचं. मी इथे नाशिकच्याच एका कॉलेजात प्रवेशाच्या टेबलावर बरीच वर्षं काढली आहेत. प्रवेशाच्या दिवसांत समोर आलेल्या अर्जात मी तीन गोष्टी शोधायचे: हा कोण, नेमकं काय हवंय आणि किती तारखेपर्यंत. त्या पहिल्या चार ओळींत सापडल्या तर अर्ज तिथल्या तिथे निघायचा. दोन पानांत परिस्थिती लिहिलेली असली की वाचून जीव तुटायचा, पण अर्ज साहेबांच्या टेबलावर जायचा, कारण किती दिवस द्यायचे हे त्यात नसायचंच. ब्रिटनमधल्या टेबलावरचा माणूसही हेच शोधतो. परिस्थिती सांगण्याची जागा शिष्यवृत्तीचा अर्ज ही आहे. तिथे तिने ती सविस्तर मांडली होती.

तुम्हाला पत्राचा हिशेब दिसावा म्हणून तिचंच उदाहरण पूर्ण सांगते, तिची परवानगी घेऊनच. तिने इथे सिव्हिल केलं, तीन वर्षं नोकरी केली आणि २०२५ च्या सप्टेंबरसाठी पाणी व्यवस्थापनाच्या एम.एस्सी.ची बिनशर्त ऑफर मिळवली. ऑफर स्वीकारून डिपॉझिट भरण्याची मुदत शुक्रवार, ३० मे. दुसरीकडे ब्रिटिश सरकारच्या चेव्हनिंग शिष्यवृत्तीची मुलाखत झालेली होती. चेव्हनिंगचे निकाल येतात जूनमध्ये. म्हणजे अडचण दोन-तीन आठवड्यांचीच होती. पण ऑफर हातची गेली असती तर शिष्यवृत्तीही अडचणीत आली असती, कारण चेव्हनिंगला अर्जात दिलेल्या कोर्सची बिनशर्त ऑफर दाखवावी लागते. आपल्या राज्याच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीलाही बिनशर्त ऑफरच लागते. त्यामुळे मुदत नुसती उलटू देणं हा दोन्हीकडून तोटा.

आम्ही आधी उलटी मोजणी केली. वर्ग २२ सप्टेंबरला सुरू. व्हिसाचा निर्णय भारतातून अर्ज केल्यावर साधारण तीन आठवड्यांत येतो. त्याआधी विद्यापीठाकडून ‘कॅस’ लागतो. हा व्हिसासाठीचा प्रवेशाचा क्रमांक, आणि तो ऑफर स्वीकारून पैशाची बाजू स्पष्ट झाल्याशिवाय निघत नाही. व्हिसासाठी लागणारी टीबीची तपासणी आधी करून ठेवता येते, तिचा दाखला सहा महिने चालतो. हे सगळं मांडल्यावर दिसलं की जून संपेपर्यंत निर्णय झाला तर घाई न होता सगळं बसतं, ऑगस्टमध्ये गेला तर ओढाताण होते. म्हणून तिने २० जून ही एकच तारीख मागितली. ‘थोडी मुदत द्यावी’ असं लिहिलं असतं तर ते थोडे दिवस समोरच्याने ठरवले असते.

पत्र अर्थातच इंग्रजीत गेलं. विषयाच्या ओळीत सुरुवातीलाच अर्ज क्रमांक, मग कोर्सचं नाव, मग ‘३० मे ऐवजी २० जूनपर्यंत मुदतवाढीची विनंती’. आतला मजकूर मराठीत सांगायचा तर असा:

«आपली बिनशर्त ऑफर मिळाली, आभारी आहे. हा कोर्स माझी पहिली पसंती आहे. मी चेव्हनिंग शिष्यवृत्तीची मुलाखत दिली असून तिचा निकाल जूनमध्ये अपेक्षित आहे. मुलाखतीचं पत्र सोबत जोडलं आहे. ऑफर स्वीकारण्याची आणि डिपॉझिट भरण्याची मुदत ३० मे ऐवजी शुक्रवार, २० जूनपर्यंत वाढवून मिळावी. निकाल कळल्यावर दोन कामाच्या दिवसांत मी आपल्याला लेखी कळवीन. पूर्ण शिष्यवृत्ती मिळाल्यास प्रायोजकाच्या पत्रावर डिपॉझिट माफ होतं का, तेही कृपया कळवावं. दोन्ही मुदती वाढवणं शक्य नसेल, तर आता ऑफर स्वीकारून फक्त डिपॉझिट नंतर भरता येईल का?»

यातलं शेवटचं वाक्य मला सगळ्यात मोलाचं वाटतं. स्वीकारणं आणि पैसे भरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, मुलं मात्र एकच समजतात. पोर्टलवर ‘स्वीकार’चं बटण दाबायला बऱ्याच ठिकाणी पैसे लागत नाहीत, डिपॉझिटची तारीख वेगळी असते. समोरच्याला एक वाढवण्याचा अधिकार असतो, दुसरी वाढवण्याचा नसतो. दोन पर्याय दिले की त्याला ‘नाही’ म्हणण्याआधी ‘हे चालेल’ म्हणायची जागा मिळते. डिपॉझिट माफीचा प्रश्नही उगाच घातलेला नाही. पूर्ण प्रायोजकत्व असेल तर अनेक विद्यापीठं प्रायोजकाचं पत्र घेऊन डिपॉझिट सोडून देतात, पण विचारल्याशिवाय कोणी आपणहून सांगत नाही.

आणि जागा जाण्याची तुमची भीती? पैशाची सोय झाल्यावरच विद्यार्थी येणार, हे त्या ऑफिसला माहीत असतंच. त्यांना खरी अडचण असते ती न कळवता गायब होणाऱ्यांची. जागा किती भरणार, कॅस किती लागणार, याचा त्यांना आधी अंदाज बांधावा लागतो, आणि कॅसची संख्या त्यांना सरकारकडून वर्षाला ठरवून मिळते. ‘अमुक तारखेला नक्की सांगते’ म्हणणारी मुलगी त्यांच्या सोयीचीच असते. मात्र ज्या कोर्सला मोजक्याच जागा आणि लांब प्रतीक्षा यादी आहे, तिथे नकार येऊ शकतो. तो पत्रामुळे येत नाही, जागांमुळे येतो.

पत्र १३ मेला, मंगळवारी गेलं. आठवडाभर काही नाही. अशा वेळी मुलं नवं पत्र लिहितात, मग त्याच माणसाची दोन प्रकरणं तयार होतात. आम्ही २० तारखेला त्याच मेलखाली दोन ओळींची आठवण पाठवली, दुपारी दीड वाजता, म्हणजे तिकडे सकाळचे नऊ. पुढच्या सोमवारी, २६ मेला, ब्रिटनमध्ये बँक हॉलिडे होता, त्यामुळे त्याआधी उत्तर येणं गरजेचं होतं. २२ मेला आलं: स्वीकार ३० मेपर्यंतच करा, डिपॉझिटला २० जून चालेल. तिने त्याच संध्याकाळी ऑफर स्वीकारली आणि पोर्टलवर डिपॉझिटची तारीख बदलेपर्यंत मागे लागली. हे करायलाच हवं. मेलमध्ये मुदत वाढते आणि पोर्टलवर जुनीच तारीख राहते, मग यंत्रणा ठरल्या दिवशी ऑफर आपोआप बंद करते. तिची तारीख बदलायला चार दिवस लागले.

आता तुमचा प्रश्न. १२ जूनला निकाल आला आणि ती राखीव यादीत होती. मिळाली असंही नाही, गेली असंही नाही. पत्रात आम्ही दोनच शक्यता धरल्या होत्या. त्या रात्री तिचा फोन आला तेव्हा मलाही पटकन सुचलं नाही, आणि ती चूक माझी होती. मी तिला सकाळपर्यंत काहीच पाठवू नको म्हणाले. दुसऱ्या दिवशी तिने निकालाचा मेल जोडून लिहिलं: राखीव यादीत आहे, डिपॉझिटसाठी ४ जुलैपर्यंत शेवटची मुदत मागते, त्यानंतर आणखी मागणार नाही, आणि तोवर निवड झाली नाही तर प्रवेश पुढच्या वर्षावर नेता येईल का? मुदत मिळाली. राखीव यादीतून नाव वर आलं नाही. ३ जुलैला तिने तसं कळवलं आणि विद्यापीठाने ऑफर २०२६ च्या सप्टेंबरवर नेली. डिपॉझिटचा एक रुपयाही गेला नाही.

तुमच्या प्रतिक्रियेनंतर नमुन्यात एक वाक्य वाढवलं आहे: «निकाल राखीव यादीचा आला किंवा लांबला, तर २० जूनच्या आत मी तसं कळवीन आणि प्रवेश पुढील वर्षी नेण्याबाबत आपलं मार्गदर्शन घेईन.»