‘एसीत बसून’ बनवलेली वर्कशीट : एका प्रतिक्रियेला उत्तर

> “सर, पान ४ वर ३ दांडे आणि १४ सुटे चौकोन दिलेत. दुसरीच्या चित्रात ९ पेक्षा जास्त सुटे देणं ही सरळ चूक आहे, मुलं गोंधळतात. पान १ च्या चौथ्या प्रश्नात एका दांड्याला नऊच खण आहेत. वस्तू हातात न देता थेट चित्रं कशाला? आणि सहा पानं झेरॉक्स कोण काढून देणार? एसीत बसून वर्कशीट बनवणाऱ्यांना वर्ग कळत नाही, हेच खरं.” – दुसरीची एक शिक्षिका

मॅडम, नमस्कार. दशक-एकक शिकवण्यासाठी मी लेखासोबत दिलेल्या सहा पानांच्या वर्कशीटवर तुम्ही हे लिहिलंत. त्यात दहा खणांचा एक दांडा म्हणजे दहा आणि एक सुटा चौकोन म्हणजे एक.

शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करतो, कारण ते वाचता वाचता चहा गार झाला. मी जळगाव जिल्ह्यात राहतो. मे महिन्यात इथलं ऊन कसं असतं ते तुम्हाला ठाऊक नसेल तर एकदा भुसावळला दुपारच्या गाडीने उतरून बघा. घरात कूलर आहे, तोही लाइट असली तर. यावल-रावेरकडच्या जिल्हा परिषदेच्या शाळांत पहिली-दुसरी शिकवण्यात २३ वर्षं गेली, त्यातली निम्मी पत्र्याखाली. आईबाप पहाटेच केळीच्या बागेत गेलेले, म्हणून धाकटं भावंड कडेवर घेऊन येणारी मुलं माझ्या वर्गात होती. एका हाताने भावाला धरायचं, दुसऱ्याने पाटीवर लिहायचं. वर्ग मला कळत नसेल, असेलही तसं. पण ते एका ओळीत ठरवून मोकळं होण्याची घाई मला तरी कधी झाली नाही.

नऊ खणांचं तुमचं बरोबर आहे. पट्टी सरकली आणि एक रेघ कमी पडली. खण मोजणाऱ्या मुलाचं उत्तर २५ येईल आणि मागे उत्तरांत २६ छापलंय. पान बदलून टाकलं आहे. इतकं बारीक बघितलंत, त्याबद्दल आभार. हे मनापासून लिहितोय.

आता त्या ‘सरळ चुकी’बद्दल.

मीही बरीच वर्षं ९ च्या आतच सुटे द्यायचो. डावीकडे दांडे, उजवीकडे चौकोन, खाली ‘दशक’ आणि ‘एकक’ असे दोन रकाने. सगळा वर्ग पैकीच्या पैकी. एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनी टेबलावर काड्यांचे ३ गठ्ठे ठेवले, शेजारी १४ सुट्या काड्या पसरल्या आणि एकूण किती ते पाटीवर लिहायला सांगितलं. निम्म्याहून जास्त पाट्यांवर ३१४. साहेब काही बोलले नाहीत, नुसते माझ्याकडे बघत राहिले. ती नजर अजून आठवते.

झालं काय होतं? डावीकडचे दांडे मोजा, डावीकडे लिहा. उजवीकडचे चौकोन मोजा, उजवीकडे लिहा. एवढ्यावर ३४ बरोबर येतं. त्यासाठी दांडा म्हणजे दहा हे कळायची गरजच पडत नाही. ३४ बरोबर लिहिणाऱ्या एका मुलीला नंतर विचारलं, “सगळे मिळून किती गं?” ती म्हणाली, “सात.” तिच्या लेखी दांडा ही एक वस्तू आणि चौकोन ही एक वस्तू. हे मला तोपर्यंत कळलं नव्हतं, कारण माझ्या चित्रांनी ते कळूच दिलं नव्हतं.

सुटे १४ केले की ही युक्ती चालत नाही, आणि चुकलेलं उत्तर बोलायला लागतं. ३१४ आलं तर मुलाने दिसलं तसं शेजारी शेजारी उतरवलंय. १७ आलं तर त्याने दांडा एक धरलाय. ३४ आलं तर त्याला रकान्यात एकच अंक मावतो एवढं माहीत आहे, म्हणून त्याने १४ मधला १ सोडून दिलाय. तिघांची गरज वेगळी. पहिल्याला १० सुट्यांचा गठ्ठा बांधायला बसवायचं, दुसऱ्याला पान १ वर परत नेऊन दांड्याचे खण मोजायला लावायचं, आणि तिसऱ्याला ‘तो एक दशक कुठे गेला?’ असं विचारायचं. ज्याला तुम्ही गोंधळ म्हणता, तो आधीपासून होताच. पान ४ वर तो फक्त दिसायला लागतो.

अगदी ४४ आलं तरी मी लगेच टिक करत नाही. काही मुलं दहा, वीस, तीस, एकतीस, बत्तीस असं चव्वेचाळीसपर्यंत मोजत जातात. उत्तर बरोबर, पण सुट्यांतून नवा दशक काही झाला नाही. म्हणून तिथे ‘१० चौकोनांभोवती गोल काढ आणि त्यांच्या जागी एक दांडा काढून चित्र पुन्हा काढ’ अशी सूचना आहे. गठ्ठ्याचं रबर काढता येतं, घालता येतं. कागदावरचा दांडा सोडता येत नाही, तिथे पुन्हा काढणं हेच बांधणं.

आणि मॅडम, तुम्ही थेट पान ४ चा तिसरा प्रश्न उचललात. त्याआधीचे दोन बघा ना. पहिल्यात २ दांडे आणि बरोबर १० चौकोन, पाच-पाचच्या दोन ओळींत. गेल्या वर्षी तिथे एक पोरगं ओरडलं, “गुर्जी, आठे दहा शेतस!” म्हणजे इथे दहा आहेत. दुसऱ्यात तशाच ओळी, वर दोन सुटे. तिसऱ्यात कुठे चौकोन विखुरलेले येतात. त्याच्याही आधी पान १ वर खणांचे दांडे, पान २ वर कोरे दांडे. पान ३ वर बाजूच बदलल्यात, चौकोन डावीकडे आणि दांडे उजवीकडे. ‘त्रेसष्ट’ म्हणताना तीन आधी ऐकू येतो म्हणून ३६ लिहिणारी मुलं तिथे सापडतात. (२०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात ‘साठ तीन’ आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला! शिव्या देणाऱ्यांपैकी किती जणांनी अशा मुलाशेजारी बसून पाहिलं होतं कोण जाणे.) पान ५ वर ५२ दोन तऱ्हांनी काढायचे, ५ दांडे २ चौकोन आणि ४ दांडे १२ चौकोन. पान ६ वर ५२ मधून २७ वजा. दोनातून सात जात नाहीत, तेव्हा हेच १२ सुटे कामाला येतात. ९ पेक्षा जास्त सुटे चित्रात कधी बघितलेच नसतील, तर दशक सुटा करायच्या दिवशी मुलाला ते आभाळातून पडल्यासारखे वाटणार.

वस्तूंबद्दल मूळ लेखाच्या पहिल्याच परिच्छेदात लिहिलंय : आठ-दहा दिवस तुरीच्या काड्या आणि चिंचोके, मगच पान १. वाचायचं राहिलं असेल. झेरॉक्सचा प्रश्न मला तरी कधी आला नाही, फळ्यावर दांडे काढायला खडू पुरतो.

आता तुम्हीच एक करा. पान ४ चा फक्त तिसरा प्रश्न तुमच्या वर्गातल्या पाच मुलांना द्या. ज्यांचं एरवी कधी चुकत नाही अशी पाच निवडा, मदत करू नका, आणि ३१४ किती पाट्यांवर आलं ते इथेच खाली लिहा. तोवर मी कूलरमध्ये पाणी भरतो.