मुदत वाढेल म्हणून बसू नका, ३१ जुलै म्हणजे ३१ जुलै!

दरवर्षी जुलैच्या सुरुवातीला मी स्टेटसला टाकतो, इन्कम टॅक्स रिटर्नची शेवटची तारीख ३१ जुलै, कागदपत्रं पाठवा. आणि दरवर्षी उत्तर ठरलेलं, "सर, मुदत वाढणारच आहे ना". कोणी सांगितलं तुम्हाला? २०२५ ला वाढली होती, मान्य, आधी १५ सप्टेंबर आणि मग ऐनवेळी अजून एक दिवस, पण ती मोठी वाढ मे महिन्यातच जाहीर झाली होती कारण फॉर्म बदलले होते. त्याच्या जिवावर दरवर्षी बसून राहायचं का? पहिन्याच्या धबधब्याचे फोटो ग्रुपवर त्याच दिवशी येतात, पण फॉर्म १६ ची पीडीएफ मागितली की "उद्या पाठवतो", आणि शेवटी येतो तो पानाचा तिरका ब्लर फोटो, तोही ३० तारखेला रात्री.

आता लगेच घाबरून फोन करू नका. नुसता पगार आणि बँकेचं व्याज असेल, टीडीएस पूर्ण कापलेला असेल, तर तारीख चुकली तरी आभाळ कोसळत नाही. ३१ डिसेंबरपर्यंत उशिराचा रिटर्न भरता येतो. उत्पन्न पाच लाखांच्या वर असेल तर लेट फी ५,००० रुपये, पाच लाखांपर्यंत १,०००, आणि टॅक्स बाकी असेल तर त्यावर महिन्याला एक टक्का व्याज. फक्त जुन्या रिजीमचा फायदा घेणाऱ्यांनी लक्षात ठेवा, उशिरा भरला तर नवीनच रिजीम लागते. जेल, खातं सील वगैरे जे फॉरवर्ड फिरतात ते माझ्याकडे पाठवणं बंद करा, उगाच म्हाताऱ्या माणसांची झोप उडवता.

माझा खरा संताप वेगळाच आहे. शेअर्समध्ये लॉस झालेली माणसं सगळ्यात निवांत असतात! सातपूरला नोकरी करणारे एक क्लायंट, पगारावरचा टॅक्स कंपनीने कापलेला, आणि वर्षाच्या आत शेअर्स विकून १,८०,००० चा लॉस. मी जुलैभर मागे लागलो, ब्रोकरच्या ॲपमधून टॅक्स पी अँड एलची एक्सेल फाइल डाउनलोड करून पाठवा. साहेब म्हणाले, "फायदाच झाला नाही तर दाखवायचं काय, आणि उशीर झाला तर पाच हजार भरू की." ऑगस्टमध्ये आले. आता सांगून काय उपयोग!

अहो, तो लॉस पुढची आठ वर्षं नेता येतो, पण रिटर्न वेळेत भरला तरच. पुढच्या वर्षी शेअर्समध्ये तसाच वर्षाच्या आतला १,८०,००० चा नफा झाला असं धरा. जुना लॉस वजा केला की त्यावर टॅक्स शून्य. लॉस गेला की २० टक्क्यांनी ३६,००० आणि त्यावर ४ टक्के सेस, म्हणजे ३७,४४० रुपये. वर लेट फी ५,००० आहेच. आणि हे पैसे परत मिळवायला माझ्याकडे काहीच उपाय नाही, याचाच मला त्रास होतो, कारण एका फाइलचं काम होतं फक्त.

काहीजण स्वतःच घाईत आयटीआर-१ भरून टाकतात. त्यात हा लॉस दाखवायची सोयच नाही, आयटीआर-२ लागतो (धंदा किंवा एफ अँड ओ असेल तर फॉर्म वेगळा, आधी मला विचारा). भरून झाल्यावर कॉपी उघडा आणि शेड्यूल सीएफएल बघा, पुढे न्यायचा लॉस तिथे दिसला पाहिजे. तिथे शून्य असेल तर त्याच दिवशी फोन करा.

अजून एक, रिटर्न अपलोड झाला म्हणजे काम संपलं नाही!! ३० दिवसांत ई-व्हेरिफाय करावा लागतो, नाहीतर ज्या दिवशी व्हेरिफाय कराल तीच भरल्याची तारीख धरतात, म्हणजे जुलैत भरूनही तुम्ही लेट आणि लॉस गेला तो गेलाच. आणि नेमका तेव्हाच आधारचा ओटीपी जातो मुलाच्या जुन्या, बंद पडलेल्या नंबरवर. आधारला कोणता मोबाईल जोडलाय ते आजच बघा, सेवा केंद्रात नंबर बदलायला जायचं आणि तो अपडेट व्हायची वाट बघायची, शेवटच्या दिवशी कुठे होणार ते.

शेअर्सवाल्यांनी ब्रोकरची एक्सेल, फॉर्म १६ आणि पोर्टलवरचं एआयएस या आठवड्यातच पाठवा. दोन डिमॅट असतील तर दोन्हीच्या फाइल्स हव्यात, "दुसऱ्यात काही नव्हतं" हे मी एआयएस बघूनच मान्य करणार. पगारवाले पुढच्या आठवड्यात पाठवा, चालेल. फोटो नको, पीडीएफ पाठवा.